नायट्राइटवर अडकलेला उन्हाळा

सोलापुरात होटगी रोडवरच्या एका मोठ्या सोसायटीच्या सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पाची, म्हणजे एसटीपीची, देखरेख माझ्याकडे आहे. दिवसाला साधारण ८० हजार लिटर पाणी येतं. जाळी, इक्वलायझेशन टाकी, हवा फुंकायची एअरेशन टाकी, गाळ खाली बसवणारा क्लॅरिफायर, मग हायपोचा, म्हणजे क्लोरीनच्या द्रावणाचा, डोस, सँड फिल्टर, आणि तिथून पाणी बागेला आणि संडासाच्या फ्लशला. एप्रिलच्या ऐन उन्हात एका ब्लोअरची मोटार जळली आणि ती दुरुस्तीला गेलेली असतानाच दुसऱ्याचं बेअरिंग गेलं. हवा बंद पडली की एअरेशन टाकीतला गाळ, म्हणजे घाण खाणाऱ्या जिवाणूंचा साठा, फार वेळ तग धरत नाही. तपकिरी गाळ काळा पडला, सडक्या अंड्याचा वास सुटला, आणि शेवटी बराचसा गाळ टँकरने उपसून टाकावा लागला.

एक ब्लोअर दुरुस्त होऊन आल्यावर दुसऱ्या एका चालू प्लांटमधून विरजण म्हणून एक टँकर गाळ आणून ओतला. विरजण हा आमच्या ऑपरेटरचा शब्द, त्याला सगळे अण्णा म्हणतात. पहिल्या आठवड्यातच पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसायला लागलं. जारमध्ये गाळ छान खाली बसत होता, वरचं पाणी नितळ. अण्णा खूश. "साहेब, झाला की प्लांट चालू!"

मी अमोनिया तपासला. आत येणाऱ्या पाण्यात अमोनिया नायट्रोजन लिटरला ३७ मिलिग्रॅम आणि बाहेर जाणाऱ्या पाण्यात ३५. म्हणजे अमोनियाच्या बाबतीत प्लांट अजून बंदच होता.

यात नवल काही नव्हतं. सांडपाण्यातली सेंद्रिय घाण खाणारे जिवाणू तासाभरात दुप्पट होऊ शकतात, अन्न मुबलक असेल तर त्याहूनही लवकर. अमोनियावर जगणाऱ्यांचं तसं नाही. अमोनियाचं ऑक्सिडेशन करून त्यांना मिळणारी ऊर्जा तुटपुंजी, आणि तेवढ्यातूनच कार्बन डायऑक्साइडपासून स्वतःचं शरीर घडवायचं. त्यामुळे परिस्थिती चांगली असली तरी त्यांना दुप्पट व्हायला बहुधा अर्धा ते एक दिवस लागतो, कधी त्याहून जास्त. शिवाय गाळ रोज काढून टाकत राहिलो, तर ते वाढण्याआधीच गाळाबरोबर बाहेर जातात. म्हणून अण्णाला सांगितलं, आता काही दिवस जादा गाळ काढायचा वॉल्व्ह उघडायचाच नाही.

अमोनिया हळूहळू उतरायला लागला. आणि त्याच सुमारास सोसायटीच्या सेक्रेटरी काकांचा फोन आला.

"अहो, तुमचा प्लांट हायपो पितो का काय?"

त्यांची तक्रार रास्त होती. ३५ लिटरचा हायपोचा कॅन एरवी आठवड्याच्या वर जायचा, आता जवळजवळ रोज एक लागत होता. तरी फ्लशच्या पाण्यात क्लोरीन शिल्लक दिसत नव्हता. काकांना संशय वेगळाच होता, तो त्यांनी बोलून दाखवला नाही, पण अण्णाकडे ज्या नजरेने पाहत होते त्यावरून कळत होतं.

मी त्यांना प्लांटवर बोलावलं. दोन बीकर घेतले, एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात आपल्या प्लांटचं. दोन्हींत पातळ केलेल्या हायपोचे सारखेच थेंब टाकले आणि थोड्या वेळाने डीपीडीची पावडर टाकली. क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी होतं. नळाचं पाणी लगेच गुलाबी झालं. प्लांटचं पाणी तसंच. नवा नमुना घेऊन दुप्पट थेंब टाकले, तरी तसंच. आठपट डोस झाल्यावर कुठे रंग दिसला. मग प्लांटच्या पाण्याच्या नव्या नमुन्यात, हायपो न टाकता, नायट्राइटचं रिएजंट टाकलं, तर गडद किरमिजी.

हा सगळा हिशोब नायट्राइटचा होता. अमोनियाचं नायट्रेट एका दमात होत नाही. नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू अमोनियापासून नायट्राइट करतात आणि तिथे थांबतात. त्या नायट्राइटपासून नायट्रेट करणारे वेगळे, मुख्यतः नायट्रोस्पायरा जातीचे. (दोन्ही कामं एकट्याने करणारे नायट्रोस्पायरासुद्धा २०१५ मध्ये सापडले, त्यातले काही मत्स्यपालनाच्या फिल्टरमधून. पण आमच्या टाकीत त्या दिवसांत जे चाललं होतं, ते दोन टप्प्यांचंच दिसत होतं.) दुसरा टप्पा मागे पडला की मध्ये नायट्राइट साचतं, आणि नायट्राइट क्लोरीन गिळतं. १ मिलिग्रॅम नायट्राइट नायट्रोजनला ५ मिलिग्रॅम क्लोरीन लागतो. आमच्या पाण्यात नायट्राइट नायट्रोजन लिटरला ८ मिलिग्रॅम होतं, म्हणजे लिटरला ४० मिलिग्रॅम क्लोरीन नुसता त्यातच खर्ची पडायचा. ८० हजार लिटरला तो ३.२ किलो होतो, म्हणजे १० टक्के हायपोचे ३२ लिटर. एरवी आम्हाला लिटरला ५ मिलिग्रॅम पुरतो, त्याचे होतात ४ लिटर. काकांनी वहीच्या मागच्या पानावर हा गुणाकार स्वतः करून पाहिला आणि अण्णाला चहा मागवायला सांगितला. आमच्या सोसायटीत माफी अशीच मागतात.

हायपो ओतत बसण्यात अर्थ नव्हता. फ्लशला काही दिवस बोअरचं पाणी जोडलं, प्लांटचं पाणी गटारात सोडलं, आणि खरा प्रश्न हाती घेतला: दुसरा टप्पा अडकला का?

तीन कारणं एकमेकांत गुंतलेली होती. पहिलं ऊन. पाण्याचं तापमान ३२ अंश होतं. साधारण २५ अंशांच्या वर पहिल्या टप्प्याचे जिवाणू दुसऱ्यांपेक्षा वेगाने वाढतात. नेदरलँड्समध्ये याच गोष्टीचा फायदा घेऊन मुद्दाम नायट्राइटवर थांबवणारी पद्धत काढली आहे, तिथे पाणी ३० अंशांच्या वर ठेवतात. आमच्या सोलापूरला त्यासाठी काही करावं लागत नाही, एप्रिल-मे पुरतो. दुसरं कारण हवा. एकच ब्लोअर चालू असल्याने पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन लिटरला ०.८ मिलिग्रॅमच्या वर जात नव्हता. १ मिलिग्रॅम अमोनिया नायट्रोजनचं पुरतं नायट्रेट व्हायला साधारण साडेचार मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो, आणि ओढाताण असली की पहिले जिवाणू आपला वाटा आधी उचलतात.

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि त्याकडेच सहसा दुर्लक्ष होतं. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो, अमोनियम आयन आणि मोकळा अमोनिया. पीएच आणि तापमान वाढलं की मोकळ्याचा वाटा वाढतो. पीएच ७.८ आणि ३२ अंशांना तो साडेपाच टक्क्यांच्या आसपास येतो. सुरुवातीच्या ३५ मिलिग्रॅममध्ये म्हणजे जवळजवळ २ मिलिग्रॅम मोकळा अमोनिया. दुसऱ्या टप्प्याच्या जिवाणूंना लिटरला ०.१ ते १ मिलिग्रॅमपासूनच तो बाधायला लागतो. पहिल्यांना त्याच्या दसपट-वीसपट असला तरी फारसं काही होत नाही. म्हणजे पहिल्यांनी अमोनिया बऱ्यापैकी उतरवेपर्यंत दुसऱ्यांना डोकं वर काढायलाच मिळत नाही, आणि तोवर नायट्राइट साचत राहतं.

याच दिवसांत घरी दुसरा प्लांट सुरू झाला होता. लेकीला मासे हवे होते. नवी पेठेतून दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी काचेची टाकी आणली. दुकानदाराने सल्ला दिला, पाणी भरा, दोन दिवस थांबा, मासे सोडा. बरोबर एक निळ्या औषधाची बाटली हातावर ठेवली, मासे सुस्त दिसले तर टाकायला. ती बाटली मिथिलीन ब्ल्यूची. बुरशीवर ती चालते, पण टाकीतल्या फिल्टरच्या जिवाणूंनाही मारते, त्यामुळे औषध द्यायचं तर आजारी माशाला वेगळ्या बादलीत ठेवून द्यावं. दोन दिवसांचा सल्ला तर सरळ चुकीचा. दोन दिवसांत नळाच्या पाण्यातला क्लोरीन उडून जातो इतकंच. मासे सोडल्यावर त्यांच्या कल्ल्यांतून अमोनिया येतो आणि तो खाणारं टाकीत कोणीच नसतं.

मी लेकीला म्हटलं, आधी मासे नाही, आधी अमोनिया. तिला तो विनोद वाटला.

प्लांटवरचा चमचाभर गाळ आणला तर काम लवकर होईल, असं मी घरी सहज बोललो. "तुमची ती घाण माझ्या घरात आणायची नाही," असं उत्तर आलं, आणि ते बरोबरच होतं. त्या गाळात अमोनिया आणि नायट्राइट खाणारे नायट्रीफायर असतात तसे आतड्यातले जिवाणू आणि जंतांची अंडीही असतात. लेक त्या टाकीत हात घालणार होती. त्याऐवजी एका सहकाऱ्याच्या वर्षानुवर्षं चाललेल्या टाकीतला स्पंज फिल्टर ओला असतानाच डब्यातून आणला. हे जिवाणू पाण्यात तरंगत कमी असतात, पृष्ठभागाला चिकटून राहतात, त्यामुळे जुन्या टाकीतलं बादलीभर पाणी आणून फारसा उपयोग नसतो, तळहाताएवढा जुना स्पंज मात्र कामाचा.

अन्न म्हणून अमोनियम क्लोराइड घेतलं. कल्हईवाल्याकडे मिळतो तो नवसागर म्हणजे तेच, पण त्यात आणखी काय मिसळलेलं असेल ते सांगता येत नाही, म्हणून प्रयोगशाळेतल्या शुद्ध बाटलीतलं. ३.८२ ग्रॅम एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात विरघळवलं की १ मिलिलिटरमध्ये बरोबर १ मिलिग्रॅम नायट्रोजन येतो, अमोनियाच्या तपासणीचं प्रमाणित द्रावण आम्ही असंच करतो. टाकीत वाळू वगैरे जाऊन ५० लिटर पाणी बसलं. त्यात १०० मिलिलिटर द्रावण टाकलं की लिटरला २ मिलिग्रॅम अमोनिया नायट्रोजन होतो. यापेक्षा जास्त टाकायचं नाही हे मी प्लांटवर शिकत होतोच. आमच्या नळाच्या पाण्याचा पीएच ८, घरातलं पाणी ३० अंश, म्हणजे सात-साडेसात टक्के मोकळा. २ मिलिग्रॅममध्ये तो ०.१५ भरतो. माशांसाठी हे घातक, आणि दुसऱ्या टप्प्याच्या जिवाणूंसाठी अगदी सुरुवातीच्या मर्यादेवर. चार-पाच मिलिग्रॅम टाकणाऱ्यांची टाकी महिनोन्‌महिने नायट्राइटवर का अडकते, ते इथे कळतं.

रोज संध्याकाळी लेक परीक्षानळ्या भरायची. अमोनियाच्या नळीतला हिरवा रंग दुसऱ्या आठवड्यात पिवळ्याकडे गेला, आणि नायट्राइटची नळी निळीची जांभळी झाली. तिने नायट्रेटही तपासलं आणि उड्या मारत आली, "बाबा, नायट्रेट पण आलं!" तिला थांबवावं लागलं. नायट्रेटचं किट आधी नायट्रेटचं नायट्राइट करतं आणि मग त्याला रंग आणतं. त्यामुळे पाण्यात आधीच नायट्राइट भरपूर असेल तर नायट्रेट नसतानाही नळी लाल होते. नायट्राइट शून्याजवळ येईपर्यंत त्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही.

नायट्राइट किटच्या पट्टीबाहेर जातंय असं दिसल्यावर मी डोस रोजऐवजी दोन-तीन दिवसांआड केला. आणखी आठवडाभराने एका संध्याकाळी जांभळी नळी एकदम निळी. उतरताना नायट्राइट हळूहळू उतरत नाही, आज खूप आणि परवा नाही असं होतं, कारण तोवर ते खाणाऱ्यांची संख्या पुरेशी झालेली असते. मग पुन्हा रोजचा डोस सुरू केला. आज टाकलेला २ मिलिग्रॅम उद्या याच वेळेला अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही नळ्यांत शून्य दिसला पाहिजे, ही माझी अट होती.

काही दिवस ती अट पाळली गेली आणि मग टाकी परत ढेपाळली. चोवीस तासांनी अमोनिया शिल्लक. लेकीला वाटलं जिवाणू मेले. मी मात्र याचीच वाट पाहत होतो, त्यासाठीच पाणी बदललं नव्हतं. अमोनियाचं नायट्राइट होताना आम्ल तयार होतं आणि ते पाण्यातली अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल पचवण्याची ताकद, खातं, १ मिलिग्रॅम नायट्रोजनमागे ७.१४ मिलिग्रॅम, कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात. सुरुवातीला टायट्रेशनमध्ये आमच्या पाण्याची अल्कलिनिटी लिटरला १५० आली होती. २ मिलिग्रॅमच्या प्रत्येक डोसला त्यातले चौदा जातात. दहा डोस म्हणजे १४०. तोवर पीएच ८ वरून ६.४ वर आला होता, आणि साडेसहाच्या खाली हे जिवाणू फार मंदावतात. मेलेले नसतात, अडलेले असतात.

१८७७ मध्ये श्लोझिंग आणि म्युंत्स या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी वाळू भरलेल्या काचेच्या नळीतून सांडपाणी सोडलं. जवळजवळ वीस दिवस अमोनिया होता तसाच बाहेर येत राहिला, मग नायट्रेट दिसायला लागलं. क्लोरोफॉर्मची वाफ सोडल्यावर ते थांबलं, आणि त्यावरून हे काम सजीवांचं आहे हे कळलं. त्यांनी वाळूत चुनखडीही मिसळली होती. लेकीला हे सांगितलं तेव्हा तिने विचारलं, आपल्याकडे चुनखडी कुठे आहे? स्वयंपाकघरात खायचा सोडा होता. ५० लिटरला ६० मिलिग्रॅम अल्कलिनिटी वाढवायची तर सोडा लागतो ५ ग्रॅम, एक सपाट चमचा. तो पाण्यात विरघळवून संध्याकाळी घातला. पण टाकीत मासे किंवा अमोनिया असताना सोडा सावकाश, थोडा थोडा घालावा, कारण पीएच वर जाताना निरुपद्रवी अमोनियमचाच मोकळा अमोनिया होतो. दोन दिवसांत टाकी पुन्हा अट पाळायला लागली.

प्लांटवर हा प्रश्न आला नाही. सोसायटीत बोअरचं पाणी मिसळतं, आत येणाऱ्या सांडपाण्याची अल्कलिनिटी ३८० होती. ३५ मिलिग्रॅम अमोनियाने त्यातले २५० खाल्ले तरी १३० उरतात. काळ्या दगडातल्या जड पाण्याला आपण एरवी नावं ठेवतो, गिझरची कॉइल खराब होते म्हणून, पण नायट्रीफिकेशनला ते मानवतं.

तिथला अडथळा हवेचाच निघाला. दुसरा ब्लोअर आल्यावर ऑक्सिजन २ मिलिग्रॅमच्या वर गेला. सकाळी सहा ते नऊमध्ये येणारा लोंढा इक्वलायझेशन टाकीत धरून दिवसभर सारखा सोडायला लावला, म्हणजे अमोनियाचा अचानक चढ येणार नाही. बाहेरचा अमोनिया २ मिलिग्रॅमच्या खाली गेला आणि त्यामागोमाग काही दिवसांत नायट्राइट गायब. घरच्या टाकीत पाहिलेला क्रम जसाच्या तसा, फक्त सोळाशेपट पाण्यात.

ते सुरळीत झाल्याचं अण्णाने वेगळ्याच खुणेवरून सांगितलं, आणि तेही घाबरून. "साहेब, जारमधला गाळ खाली बसला, पण जेवून आलो तर सगळा वर तरंगतोय!" अर्ध्या तासाच्या चाचणीत गाळ नीट बसला होता, जार तसाच राहिला म्हणून दोन तासांनी वर आला. गाळात बारीक बुडबुडे दिसत होते. पाण्यात आता भरपूर नायट्रेट होतं, आणि तळाशी हवा संपल्यावर दुसरे जिवाणू त्याच नायट्रेटमधला ऑक्सिजन घेऊन नायट्रोजन वायू सोडत होते. जारमध्ये हे दिसणं चांगलं, क्लॅरिफायरमध्ये दिसणं वाईट, कारण तिथे तरंगलेला गाळ बाहेरच्या पाण्यात जातो. म्हणून क्लॅरिफायरच्या तळाचा गाळ परत फिरवण्याचा पंप थांबवून थांबवून चालवायचा, तो सलग चालवायला लावला. गाळ काढायचा वॉल्व्हही आता रोज थोडा उघडतो. गाळाचं सरासरी वय दहा-बारा दिवसांच्या खाली जाऊ द्यायचं नाही इतकं धरलं आहे. या उष्णतेत त्याहून कमी पुरेल, पण ब्लोअरचा भरवसा पाहता मला थोडी शिल्लक हवी. हायपोचा कॅन पुन्हा आठवडाभर जातो.

घरी मासे सोडण्याआधी अर्ध्याहून जास्त पाणी बदललं, कारण साचलेला नायट्रेट नायट्रोजन २० मिलिग्रॅमपर्यंत गेला होता. (दुकानातलं किट हाच आकडा नायट्रेट आयनच्या रूपात दाखवतं, म्हणजे ९० च्या आसपास. दोन्ही बरोबर असतात, मोजमाप वेगळं.) मग लेकीचा प्रश्न आला, किती मासे? हिशोब असा केला: खाद्यात ४० टक्के प्रथिनं, प्रथिनांत १६ टक्के नायट्रोजन, म्हणजे १ ग्रॅम खाद्यात ६४ मिलिग्रॅम. त्यातला सगळा अमोनिया होतो असं धरलं, तरी टाकी रोज १०० मिलिग्रॅम पचवते, म्हणजे दीड ग्रॅम खाद्याचं. सहा गप्पी मिळून दिवसाला पाव ग्रॅमसुद्धा खात नाहीत. तिने सहा गप्पी मागितले होते, मी म्हटलं मोलीही घे दोन, त्यांना आपलं जड पाणी आवडतं. फिल्टरचा स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा, नळाला पाणी येईल त्या दिवशी ताज्या धारेखाली धरायचा नाही, हे मात्र तिने स्वतः कागदावर लिहून टाकीच्या बाजूला चिकटवलं आहे. घरात स्पंज धुण्याचा उत्साह आजीला सगळ्यात जास्त आहे.